रोमहून आलेला रक्ताचा रिपोर्ट

वसईतल्या काही ख्रिस्ती घरांमधली एखादी आत्या किंवा मावशी रोममध्ये असते. ती धर्मभगिनी असते, तिथल्या कॉन्व्हेंटमध्ये किंवा वृद्धाश्रमात सेवा करते आणि काही वर्षांनी सुटीवर घरी येते. गोव्याचे आणि कोकणातले खलाशी जेनोवा किंवा नापोलीच्या बंदरात आजारी पडले तर तिथेच त्यांच्या तपासण्या होतात. अशी माणसं परतली की बॅगेत तिथल्या लॅबचा रिपोर्ट असतो. गावातले डॉक्टर तो हातात घेतात. त्यातली एकही चाचणी त्यांना नवी नसते, पण नावं इटालियन असल्यामुळे कुठला आकडा कशाचा ते लागत नाही. मग कुणीतरी इटालियन जाणणारा शोधला जातो आणि त्याला सांगितलं जातं, "दोनच पानं आहेत, त्यात बहुतेक आकडेच आहेत, पटकन होईल."

आकडेच आहेत म्हणून तर ते पटकन करू नये. वाक्याचा अनुवाद थोडा बिघडला तरी वाचणाऱ्याला काहीतरी खटकतं आणि तो विचारतो. आकडा बिघडला तर तो तितक्याच रुबाबात पानावर उभा राहतो. अशा कामात चूक कुठे होते आणि ती कशी पकडायची, हे एका नमुन्यावरून सांगतो. नमुन्यातली व्यक्ती कल्पनेतली आहे. वय ५८, मूळची वसईची, रोममध्ये राहणारी एक सिस्टर. मधुमेह आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. रिपोर्टातल्या ओळी मात्र इटालियन लॅबच्या कागदांवर नेहमी दिसतात तशाच आहेत.

सर्वांत आधी नाव. इटालियन रिपोर्टावर नावाजवळ ‘कोदिचे फिस्काले’ नावाचा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. त्यात आडनाव, नाव, जन्मतारीख, स्त्री की पुरुष आणि जन्मस्थळ एवढं सगळं दडलेलं असतं. स्त्रीच्या जन्मदिवसात ४० मिळवलेले असतात, म्हणजे ७ तारखेला जन्मलेल्या बाईच्या क्रमांकात ४७ दिसतो. धर्मभगिनीच्या बाबतीत हे ठाऊक असणं उपयोगी पडतं. घरचे आणि डॉक्टर तिला व्रत घेतल्यानंतरच्या नावाने ओळखतात, तर रिपोर्टावर पासपोर्टावरचं नाव असतं. रिपोर्ट तिचाच आहे याची खात्री या क्रमांकावरून करून घ्यावी. तो रिपोर्ट नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा असेल तर मात्र क्रमांक झाकावा, कारण त्यातून जन्मतारीख उघड होते.

तारखाही एकाहून अधिक असतात. ‘प्रेलिएवो’ म्हणजे रक्त काढलं तो दिवस. रिपोर्ट तयार झाल्याची किंवा छापल्याची तारीख वेगळी असते. डॉक्टरांना हवी असते ती पहिली. औषध बदलण्याआधीचं रक्त आहे की नंतरचं, हे त्याच तारखेवरून कळतं.

आता चाचण्यांची नावं. रक्तात एखादा पदार्थ किती आहे हे सांगताना इटालियनमध्ये त्या पदार्थाच्या नावाला ‘एमिया’ जोडायची जुनी सवय आहे. ग्लिचेमिया म्हणजे रक्तातली साखर, उरिचेमिया म्हणजे युरिक अॅसिड, सिदेरेमिया म्हणजे लोह. यात आजाराचा काहीच संबंध नाही, ती फक्त मोजमापाची नावं आहेत. आपल्याकडे मात्र हा प्रत्यय अॅनिमिया, ल्युकेमिया अशा शब्दांतून आला आणि तो ऐकला की आजारच डोळ्यांपुढे येतो. सिस्टरच्या रिपोर्टात ‘आझोतेमिया ४१’ अशी ओळ आहे. इंग्रजी वैद्यकात अझोटेमिया हा शब्द किडनी नीट काम करत नसल्यामुळे रक्तात साचणाऱ्या नायट्रोजनयुक्त कचऱ्यासाठी वापरतात. शब्द ओळखीचा वाटला म्हणून अनुवादकाने तो तसाच उचलला, तर वाचणाऱ्याला वाटेल की रोमच्या लॅबने सिस्टरला किडनीचा विकार सांगितला आहे. लॅबने तसं काहीच म्हटलेलं नाही. तिने रक्तातला युरिया मोजला आणि आकडा लिहिला, इतकंच.

इथे दुसरा खड्डा लागून आहे. युरिया दोन प्रकारे सांगता येतो. पूर्ण युरियाचं वजन सांगायचं, किंवा त्यातल्या फक्त नायट्रोजनचं. आपल्या लॅबमध्ये पहिल्याला ब्लड युरिया म्हणतात आणि दुसऱ्याला बीयूएन. दोन्ही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्येच लिहितात, पण एकाच रक्तातला युरियाचा आकडा बीयूएनच्या २.१४ पट येतो. आझोतेमिया या नावात नायट्रोजन आहे, कारण ‘आझोतो’ म्हणजे नायट्रोजन. म्हणून ते बीयूएन असावं असं सरळ वाटतं. प्रत्यक्षात इटलीतल्या बहुतेक लॅब या नावाखाली युरियाच देतात, काही मात्र नायट्रोजन देतात. नावावरून निकाल लागत नाही, तो शेजारच्या संदर्भमर्यादेवरून लागतो. सिस्टरच्या रिपोर्टात मर्यादा १७ ते ५० आहे. पन्नासपर्यंत चालतं म्हणजे हा युरिया. मर्यादा साधारण ८ ते २३ अशी असती तर तो नायट्रोजन. ४१ हा युरिया असेल तर बीयूएन १९ च्या आसपास येतं आणि काळजीचं कारण उरत नाही. तोच ४१ बीयूएन म्हणून लिहिला तर वसईचे डॉक्टर तातडीने किडनीच्या तपासण्या लिहून देतील.

संक्षेपांचंही असंच आहे. एका पानावर दोन घराण्यांचे संक्षेप नांदतात. रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्रातून येणारे एमसीव्ही, एमसीएच, आरडीडब्ल्यू, पीएलटी हे इंग्रजीवरून आलेले आहेत आणि जगभर तसेच असतात. त्यांना हात लावायची गरज नाही. दुसरे संक्षेप इटालियन शब्दांची आद्याक्षरं घेऊन बनलेले असतात. इटालियनमध्ये विशेषण नामाच्या मागून येतं, त्यामुळे अक्षरांचा क्रम उलटतो. आपला ईएसआर तिथे व्हीईएस होतो. संधिवाताच्या तपासणीतला आरए फॅक्टर तिथे एफआर होतो. आणि सीआरपी, म्हणजे शरीरात कुठे दाह आहे का हे सांगणारं प्रथिन, तिथे पीसीआर होतं. करोनाच्या काळानंतर पीसीआर ही अक्षरं आपल्याकडे कुणालाही वेगळं सांगावी लागत नाहीत. त्या ओळीसमोर आकडा दिसला की घरच्यांचा जीव दडपतो. सिस्टरच्या रिपोर्टात तिथे ०,३२ आहे आणि पुढे ०,५० पेक्षा कमी असावं अशी मर्यादा दिली आहे. अनुवादात इथे सीआरपीच लिहायचं.

पण सीआरपी लिहून काम संपत नाही. त्या ओळीत एकक आहे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. आपल्याकडच्या लॅब सीआरपी बहुतेक मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात. लिटरमध्ये दहा डेसिलिटर, म्हणून सिस्टरचं ०.३२ आपल्या मापात ३.२ होतं. मागच्या वर्षी वसईत केलेल्या तपासणीत ३ आलं असेल आणि डॉक्टरांनी एककाकडे न पाहता दोन्ही आकडे शेजारी ठेवले, तर दाह दहा पटींनी उतरला असं दिसेल. खरं तर काहीच बदललेलं नाही. मी आकडा मूळ एककासकटच ठेवतो आणि खाली वेगळी टीप देतो की मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये हा ३.२ होतो. रूपांतर करून मूळ आकडा पुसून टाकणं मला कधीच योग्य वाटलं नाही. रूपांतरात चूक झाली तर ती शोधायला मूळ आकडा पानावर असायलाच हवा.

एककांबाबत एक दिलासा मात्र आहे. इंग्लंडमधून आलेल्या रिपोर्टात साखर आणि कोलेस्टेरॉल मिलिमोलमध्ये असतात आणि तिथे पुष्कळ आकडेमोड करावी लागते. इटलीत साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन यांची एककं साधारणपणे आपल्यासारखीच मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतात. सिस्टरची उपाशीपोटीची साखर १३१ आहे आणि ती जशीच्या तशी १३१ उतरवायची. मोठा फरक पडतो तो एचबीएवनसीमध्ये, ज्याला आपण तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणतो. आपले डॉक्टर आणि रुग्ण ती टक्क्यांत ओळखतात: सहा, साडेसात, नऊ. इटालियन लॅब ती मिलिमोल प्रति मोल या आंतरराष्ट्रीय एककात देतात. काही लॅब शेजारी टक्केही छापतात, काही छापत नाहीत. सिस्टरच्या रिपोर्टात फक्त ५५ आहे, मर्यादा २० ते ४२.

या दोन मापांचं नातं ठरलेलं आहे. मिलिमोलच्या आकड्याला ०.०९१५ ने गुणायचं आणि २.१५ मिळवायचे. ५५ ला गुणलं की ५.०३ येतात, त्यात २.१५ मिळवले की ७.१८, म्हणजे ७.२ टक्के. गणित बरोबर आलं का हे तपासायला मर्यादेचे आकडेही त्याच सूत्रातून काढून पाहावेत. २० चे साधारण ४ टक्के होतात आणि ४२ चे ६ टक्के. ही जोडी डॉक्टरांच्या ओळखीची असते, त्यामुळे सूत्र नीट लावलं आहे याची खूण पटते. टक्के टीपेत जातात, ओळीत ५५ च राहतो.

आता स्वल्पविराम. इटलीत दशांश स्वल्पविरामाने दाखवतात आणि हजार बिंदूने. आपल्याकडे नेमकं उलटं. सिस्टरच्या पांढऱ्या पेशी ६,८४ छापल्या आहेत आणि एककात ‘हजार प्रति मायक्रोलिटर’ म्हटलं आहे. म्हणजे ६.८४ हजार, आपल्या सवयीत ६,८४०. क्रिएटिनिन ०,८२ म्हणजे ०.८२. प्लेटलेट्स एका लॅबच्या कागदावर २४८ असतात आणि एकक हजारांचं असतं, दुसऱ्या लॅबच्या कागदावर बिंदू टाकून २४८.००० छापलेलं असतं. मराठी माणूस प्लेटलेट्स लाखांत बोलतो. डेंग्यूच्या साथीत घराघरांत "दीड लाख आहेत, सव्वा लाखावर आल्या" असंच बोलणं चालतं. म्हणून रुग्णासाठीच्या पानावर मी २ लाख ४८ हजार असं अक्षरी लिहितो आणि डॉक्टरांच्या पानावर मूळ एककात २४८. फोटोवरून काम करत असाल तर आणखी जपावं लागतं. फिकट छपाईत स्वल्पविराम दिसेनासा होतो आणि ०,८२ चा ०८२ होतो. अशा वेळी फोटोवर विसंबू नये, मूळ फाइल मागवावी. इटलीत बहुतेकांना आपले रिपोर्ट सरकारी आरोग्यसेवेच्या इलेक्ट्रॉनिक खात्यातून उतरवून घेता येतात.

स्वल्पविराम कुठे सरकला का हे पाहण्याची एक खात्रीची रीत रिपोर्टातच असते. रक्तपेशींच्या तपासणीतले काही आकडे एकमेकांतून निघतात. तांबड्या पेशींची संख्या दशलक्षांत घ्यायची, तिला एमसीव्हीने, म्हणजे पेशीच्या सरासरी आकारमानाने, गुणायचं आणि दहाने भागायचं. उत्तर हिमॅटोक्रिटच्या जवळ यायला हवं. सिस्टरच्या तांबड्या पेशी ५.६१, एमसीव्ही ६४. गुणाकार ३५९, दहाने भागले की ३५.९. रिपोर्टातही हिमॅटोक्रिट ३५,९ च आहे. तीन ओळी एकमेकींना दुजोरा देतात, म्हणजे उतरवताना त्यांतल्या एकीतही घोटाळा झाला नाही. मी हे गणित प्रत्येक रिपोर्टात करतो. त्याला मिनिटही लागत नाही.

यापुढचा भाग सगळ्यांत बारीक अक्षरांत असतो, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा तोच. काही ओळींखाली लॅब शेरे लिहिते. सिस्टरचं पोटॅशियम ५,६ आहे, मर्यादा ३,५ ते ५,१, आणि शेजारी तारा छापला आहे. खाली लहान अक्षरांत दोन शब्द आहेत: ‘काम्पिओने एमोलिझ्झातो’. याचा अर्थ नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या होत्या. पोटॅशियम मुख्यतः पेशींच्या आत असतं. रक्त काढताना सुई नीट बसली नाही किंवा नळी जोरात हलली तर पेशी फुटतात, आतलं पोटॅशियम नळीतल्या द्रवात मिसळतं आणि आकडा वाढतो. शरीरात ते तेवढं असेलच असं नाही. आता हा शेरा गाळून फक्त ५.६ आणि तारा वसईला पोचला असं समजा. सिस्टरची रक्तदाबाची गोळी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन असेल, तर या गोळ्यांनी पोटॅशियम खरोखर वाढू शकतं हे डॉक्टरांना ठाऊक असतं. ते गोळी बंद करतील. एका फुटलेल्या नमुन्यासाठी चांगलं लागू पडलेलं औषध जाईल. शेरा सोबत असला तर ते आधी रक्त पुन्हा तपासतील. म्हणून शेरा मी तळटिपांत ढकलत नाही, त्याच ओळीत आकड्याला लागून लिहितो.

काही शेरे निकाल अजून यायचा आहे असं सांगतात. ‘इन कोर्सो’ म्हणजे तपासणी चालू आहे. तिथली रिकामी जागा म्हणजे काही आढळलं नाही असं समजू नये. कागदावर रिपोर्ट अंशतः असल्याचं म्हटलं असेल, तर अनुवादाच्या पहिल्याच ओळीत ते सांगावं आणि पूर्ण रिपोर्ट मागवायला सुचवावं.

तारा छापलेला असला की घरचे घाबरतात, म्हणून संदर्भमर्यादा म्हणजे काय हे रुग्णाला थोडक्यात सांगणं मी माझं काम समजतो. बहुतेक चाचण्यांची मर्यादा निरोगी माणसांच्या मोठ्या गटाचे आकडे घेऊन, मधले ९५ टक्के ज्या पट्ट्यात पडतात तो पट्टा घेऊन ठरवलेली असते. म्हणजे प्रत्येक चाचणीत वीस निरोगी माणसांतला एक जण पट्ट्याबाहेर राहणारच. एका माणसाच्या वीस चाचण्या केल्या आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर पूर्ण निरोगी असूनही निदान एक तारा दिसण्याची शक्यता ६४ टक्के येते. तारा इतकंच सांगतो की आकडा या लॅबच्या पट्ट्याबाहेर आहे. ‘या लॅबच्या’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो. पट्टा लॅबच्या यंत्रावर, पद्धतीवर आणि रुग्णाच्या वयावर, स्त्री-पुरुष भेदावर ठरतो. वसईच्या लॅबचा पट्टा ओळखीचा आहे म्हणून रोमच्या आकड्यासमोर तो बसवणं ही या कामातली गंभीर चूक आहे. आकडा, त्याचं एकक आणि त्याचा पट्टा एकाच लॅबमधून आलेले असतात, ते अनुवादातही एकत्रच ठेवायचे.

कोलेस्टेरॉलची गोष्ट जरा वेगळी. तिथे छापलेला आकडा बहुधा निरोगी लोकांचा पट्टा नसतो, हृदयविकाराचा धोका पाहून ठरवलेलं लक्ष्य असतं, आणि इटालियनमध्ये तसं ‘देसिदेराबिले’ म्हणून लिहिलेलंही असतं. अनुवादात ‘इष्ट पातळी’ म्हणावं. तिथे ‘नॉर्मल’ लिहिलं तर अर्थ बदलतो, कारण आधी हृदयविकार झालेल्या माणसासाठी डॉक्टर याहून खालचं लक्ष्य ठेवतात.

आता सिस्टरच्या रिपोर्टातली सर्वांत बोलकी जागा. हिमोग्लोबिन ११.२, मर्यादेपेक्षा थोडं कमी. एमसीव्ही ६४, म्हणजे पेशी बऱ्याच लहान, कारण मर्यादा ८० पासून सुरू होते. तांबड्या पेशींची संख्या मात्र ५.६१, मर्यादेपेक्षा जास्त. सिदेरेमिया आणि फेरिटिन, म्हणजे रक्तातलं लोह आणि लोहाचा साठा, दोन्ही मर्यादेत. खाली लॅबचा शेरा आहे: ‘मिक्रोचितेमिया’, आणि हिमोग्लोबिन ए-टू तपासावं अशी सूचना.

हा शेरा भाषांतरित करताना इतिहास ठाऊक असावा लागतो. १९४३ मध्ये रोममध्ये एझिओ सिल्वेस्त्रोनी आणि इदा बियांको या डॉक्टर जोडीने दाखवून दिलं की थॅलेसेमियाचा दोष एकाच पालकाकडून आलेली माणसं ठणठणीत असतात, पण त्यांच्या तांबड्या पेशी लहान असतात. त्या अवस्थेला त्यांनी मिक्रोचितेमिया म्हटलं. थॅलेसेमिया इटलीत, विशेषतः सार्देन्या, सिसिली आणि पो नदीच्या मुखाकडच्या भागात मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यामुळे हा शब्द इटालियन डॉक्टरांच्या बोलण्यात मुरला. त्याचा शब्दशः अर्थ ‘लहान पेशी असणं’ इतकाच, पण इटालियन कानाला त्यात थॅलेसेमियाचं वाहक असणंही ऐकू येतं. अनुवादकाने काय लिहावं? ‘थॅलेसेमियाची वाहक’ असं लिहिलं तर लॅबने न दिलेलं निदान आपण दिलं. नुसतं ‘लहान पेशी’ लिहिलं तर लॅबने दाखवलेली दिशा हरवली. आपल्याकडे पन्नाशीतल्या बाईचं हिमोग्लोबिन कमी आणि पेशी लहान दिसल्या की पहिला विचार लोहाच्या कमतरतेचाच येतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. सिस्टरला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या. मी ओळीत ‘तांबड्या पेशींचा आकार लहान, हिमोग्लोबिन ए-टूची तपासणी करावी’ असं लिहितो, आणि टीप देतो की इटालियन वैद्यकात हा शब्द थॅलेसेमियाच्या वाहक अवस्थेसाठीही वापरला जातो. पुढचं डॉक्टरांकडे.

डॉक्टर पुढे काय करतील हे पाहिलं की तांबड्या पेशींची संख्या दशांशासकट नेमकी का उतरवायची ते पटतं. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येने भागायचं, असा एक ठोकताळा मेंट्झर यांनी १९७३ मध्ये मांडला. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमियाच्या वाहकाकडे कल, १३ च्या वर आलं तर लोहाच्या कमतरतेकडे. सिस्टरचे ६४ भागिले ५.६१, म्हणजे ११.४. हा निव्वळ इशारा असतो, पण लोहाच्या दोन ओळींशी तो जुळतो. यातून आणखी एक गोष्ट निघते. हिमोग्लोबिनच्या अशा फरकांमुळे एचबीएवनसीच्या आकड्यावर परिणाम होऊ शकतो आणि तो तपासणीच्या पद्धतीवर अवलंबून असतो. म्हणून त्या ओळीखाली लॅबने पद्धतीचं नाव दिलं असेल तर तेही उतरवायचं, मग ते रुग्णाला कितीही निरुपयोगी वाटो.

तयार झालेला अनुवाद मी दोन भागांत देतो. डॉक्टरांच्या पानावर मूळ इटालियन नाव, त्यासमोर आपल्या लॅबमध्ये चालणारं नाव, आकडा, एकक, पट्टा आणि शेरा असतो. ओळींचा क्रम मूळ कागदाचाच ठेवतो, म्हणजे बोट ठेवून ताडून पाहता येतं. रूपांतरं आणि खुलासे शेवटी, ‘अनुवादकाच्या टिपा’ या मथळ्याखाली, जेणेकरून लॅबचं काय आणि माझं काय यात गल्लत होणार नाही. रुग्णाच्या पानावर साध्या मराठीत फक्त एवढंच असतं की कुठली चाचणी कशासाठी आहे आणि कुठल्या ओळींवर तारा आहे. मूळ रिपोर्टाची प्रत दोन्हींना जोडलेली असते. लॅबच्या डॉक्टरांची सही मूळ कागदावर असते, ती अनुवादाला लागू होत नाही.

पानं हातात घेतल्यावर सिस्टरसारखी बाई हमखास विचारते, "सगळं बरं आहे ना हो?" माझं उत्तर ठरलेलं असतं: "सिस्टर, या चार-पाच ओळींवर तारा आहे. त्यांतल्या एकीचा नमुना बिघडला होता असं लॅब स्वतःच म्हणते, आणि एका ओळीसाठी लॅबने आणखी एक तपासणी सुचवली आहे. हे दोन्ही डॉक्टरांना आधी दाखवा." ‘काळजी करू नका’ असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला लागणारं ज्ञान माझ्याकडे नाही, आणि माझ्या शब्दावर विसंबून कुणी डॉक्टरांकडे जायचं टाळलं तर त्याला जबाबदार मीच.

अशा रिपोर्टानंतर वसईचे डॉक्टर पोटॅशियम पुन्हा तपासायला सांगतील आणि हिमोग्लोबिन ए-टूची चिठ्ठी देतील. ते साडेतीन टक्क्यांच्या वर आलं तर बीटा थॅलेसेमियाची वाहक अवस्था जवळजवळ नक्की होते. सिस्टरला त्यासाठी कुठलंही औषध नको, उलट कारण नसताना लोहाच्या गोळ्या नकोत. पण हा दोष आईवडिलांकडून येतो, म्हणजे तिच्या भावंडांमध्येही तो असू शकतो आणि भावाकडून भाच्यापर्यंत गेलेला असू शकतो. वाहक असलेल्या मुलाचं लग्न वाहक मुलीशी झालं, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. भाचा लग्नाचा असेल तर डॉक्टर त्यालाही रक्त तपासून घ्यायला सांगतील, आणि लग्न ठरण्याआधी सांगतील.